भाड्याच्या घराच्या पत्त्यावर ऑनलाइन व्यवसायाची नोंदणी: घरमालकाची संमती कशी मागावी

"घर राहायला दिलंय, दुकान टाकायला नाही." माझ्या धाकट्या बहिणीने घरमालक काकांना फोन केला, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य हेच आलं. पुण्यात सिंहगड रोडवर ती दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहते. बाळंतविड्याची झबली, टोपडी, दुपटी आणि कुंच्या ती घरीच शिवते आणि ऑनलाइन विकते. इंदूर, बेळगाव, हैदराबाद इथून मागणी येऊ लागली आणि जीएसटी नोंदणी घ्यावी लागली. नोंदणीला पत्ता लागतो आणि पत्ता काकांच्या घराचा. तीन आठवड्यांनी त्याच काकांनी पत्रावर सही केली. मधल्या काळात काय केलं, ते इथे सविस्तर सांगते. मी स्वतः हिशेबाचं आणि कराचं काम करते, त्यामुळे अशा मागण्या नेहमी पाहते. बहुतेक वेळा घरमालक भाडेकरूला नाही म्हणत नसतो. आपण सही केली तर पुढे काय होईल याचं उत्तर त्याला कोणी दिलेलं नसतं, म्हणून तो नाही म्हणतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या राज्यात भाडेकायदा आणि वीजदर वेगळे असतात.

आधी पाहा, नोंदणी कोणती लागणार आहे

काकांकडे जाण्याआधी आम्ही कागदावर लिहून काढलं की नेमकं काय हवंय. सगळ्या नोंदण्यांना घरमालकाचा कागद लागत नाही आणि जे लागत नाही ते मागून माणसाला उगाच घाबरवू नये.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद, आधारवर होते, फुकट होते आणि तिथे कोणताही कागद चढवावा लागत नाही. पत्ता फक्त टाइप करायचा असतो. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो ती, कामगार नसलेल्या किंवा अगदी मोजके असलेल्या व्यवसायाला फक्त सूचना देऊन मिळते. बँकेत चालू खातं उघडायला हे दोन कागद बहुतेक वेळा पुरतात.

जीएसटीचं तसं नाही. तिथे जागेचा पुरावा चढवावा लागतो. पण जीएसटी प्रत्येकाला लागतो असंही नाही. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. माल दुसऱ्या राज्यात विकायला लागलात की ही सवलत जाते. उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते, मग तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून विका की मोठ्या ऑनलाइन बाजारातून. नुसतं राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून अटींसह नोंदणीविना विकता येतं, पण त्यासाठीही पोर्टलवर पत्ता देऊन नावनोंदणी करावी लागते. बहिणीचं पहिलं पार्सल इंदूरला जाणार होतं, त्यामुळे तिचा प्रश्न तिथेच मिटला.

मग स्वतःचा करार वाचा

करार सहीच्या दिवशी वाचला जातो आणि नंतर कपाटात जातो. तो बाहेर काढा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, वापराचं कलम. "सदर जागेचा वापर फक्त निवासासाठी करण्यात येईल" असं वाक्य जवळजवळ प्रत्येक करारात असतं. अडचण मुख्यतः इथेच आहे. जीएसटी खात्याला नोंदणीकृत करार आणि घरमालकाच्या मालकीचा एक कागद पुरतो, वेगळं ना हरकत पत्र लागत नाही. म्हणून काही जण घरमालकाला न सांगताच करार चढवून मोकळे होतात. असं करू नका. खात्याने नोंदणी दिली म्हणून कराराचा भंग माफ होत नाही. घरमालकाला ते कळतं तेव्हा सोसायटीच्या सचिवाकडून किंवा पोस्टमनकडून कळतं आणि त्यानंतर संबंध सुधारत नाहीत.

दुसरी गोष्ट, मालक किती आहेत. बहिणीच्या करारावर काकांची एकट्याची सही होती, पण घर काका आणि काकू दोघांच्या नावावर होतं आणि वीजबिल काकूंच्या नावावर. एकाच मालकाच्या सहीचं पत्र आणि दुसऱ्याच्या नावाचं बिल जोडलं, तर अधिकाऱ्याला प्रश्न पडणारच. म्हणून संमती दोघांची घ्यायची हे आधीच ठरवलं. वीजबिल अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असणं तर फारच सामान्य आहे. तसं असेल तर मिळकतकराची पावती मागा.

तिसरी, करार संपायची तारीख. दोन महिने उरलेल्या करारावर संमती मागण्यापेक्षा नूतनीकरणापर्यंत थांबा आणि नव्या करारातच एक कलम घालून घ्या. खर्च वेगळा वाढत नाही, कारण नवा करार तसाही नोंदवायचाच असतो. १८,००० रुपये भाडं, ५०,००० अनामत आणि ११ महिने मुदत धरली, तर भाड्याचे १,९८,००० आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी काढलेलं व्याज ४,५८३, अशा बेरजेवर पाव टक्का म्हणजे पाचशेच्या आसपास मुद्रांक शुल्क होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बहिणीच्या कराराचे चौदा महिने शिल्लक होते, म्हणून आम्ही पत्राचा मार्ग घेतला.

घरमालकाला नेमकी कशाची भीती असते

सगळ्यात मोठी भीती घर परत न मिळण्याची. ती निराधार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्ये घरमालकाला एक मोठं संरक्षण आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपूनही रिकामं केलं नाही, तर त्याला दिवाणी कोर्टाच्या लांबलचक वाटेने जावं लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. हे संरक्षण *राहण्यासाठी* दिलेल्या घरालाच आहे. उद्या भाडेकरू म्हणाला की "ही जागा तर मला धंद्यासाठी दिली होती, हे बघा तुमचंच पत्र", तर हातातलं हत्यार बोथट होईल, ही काकांची खरी काळजी होती. त्यांना कलमाचा आकडा माहीत नव्हता, पण मुद्दा पक्का ठाऊक होता.

म्हणून संमतीपत्रात लिहायचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हे: लायसन्स निवासासाठीचंच आहे आणि तसंच राहील, आणि या पत्राने भाडेकरूला जागेवर कोणताही नवा हक्क मिळत नाही. याच कलमाखाली लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. पत्र त्या कराराला धरून, त्याच्या दस्त क्रमांकाचा उल्लेख करून लिहिलं की घरमालकाची बाजू ढिली पडत नाही. काकांना हे समजावलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला.

दुसरी भीती विजेची. "मीटर कमर्शियल होईल." महावितरणच्या दरपत्रकात याला स्पष्ट उत्तर आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. राहत्या घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दरच लागतो, पण महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षातला एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असला पाहिजे. हे दर आर्थिक वर्षाच्या शेवटी तपासलं जातं. म्हणून बोलायला जाताना वर्षभराची बिलं घेऊन जा. बहिणीच्या घरी महिन्याला सरासरी १४० युनिट होत होते. शिलाई मशीन १०० वॉटचं, दिवसाला चार तास, म्हणजे ०.४ युनिट. इस्त्री १,००० वॉटची, दिवसाला तासभर, म्हणजे एक युनिट. महिन्यातले पंचवीस दिवस काम धरलं तर ३५ युनिट वाढतात. १४० आणि ३५ मिळून १७५. एसी असलेल्या घरात हे गणित मे महिन्यात बिघडू शकतं, तेव्हा सरासरीसोबत उन्हाळ्याचं बिलही बघा.

तिसरी भीती नोटिशींची. भाडेकरू निघून जाईल आणि पाच वर्षांनी त्याच्या नावाची नोटीस आपल्या दाराशी येईल. हे खरंच घडतं, कारण पत्ता बदलायला लोक विसरतात. यातला एक भाग स्पष्ट करून सांगा: जीएसटीची देणी नोंदणी ज्याच्या पॅनवर आहे त्याची असतात. घर त्याच्या मालकीचं नाही, त्यामुळे त्याच्या थकबाकीसाठी घरावर बोजा चढत नाही. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. थकबाकीदाराचं ज्याच्याकडे पैसे येणं आहे, त्यालाही खातं ते पैसे खात्यात भरायला सांगू शकतं. अनामत ही तशीच रक्कम आहे. घरमालकाचं स्वतःचं नुकसान त्यात नाही, पण कागद त्याच्या हातात येऊ शकतो. मी काकांना हे लपवून ठेवलं नाही. लपवलं असतं आणि नंतर कुठून कळलं असतं, तर बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास गेला असता.

भाडं आणि जीएसटी: इथे चूक महागात पडते

हा भाग घरमालकापेक्षा भाडेकरूने जास्त जपायचा आहे. १८ जुलै २०२२ पासून नियम असा आहे की राहतं घर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यक्तीला भाड्याने दिलं, तर भाड्यावर १८ टक्के कर लागतो आणि तो भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. १८,००० रुपये भाड्यावर हे महिन्याला ३,२४० होतात. १ जानेवारी २०२३ पासून त्यात एकल मालकीच्या व्यावसायिकाला सूट आहे: घर त्याने वैयक्तिक नात्याने, स्वतःच्या राहण्यासाठी आणि स्वतःच्या खर्चाने घेतलं असेल, व्यवसायाच्या खात्यावर नाही, तर हा कर लागत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. करार स्वतःच्या नावावर राहू द्या, व्यवसायाच्या नावावर नको. भाडं घरखर्चाच्या बचत खात्यातून द्या, व्यवसायाच्या चालू खात्यातून नको. आणि भाडं, थोडंसुद्धा, व्यवसायाचा खर्च म्हणून हिशेबात दाखवू नका. थोडा आयकर वाचवायच्या नादात भाड्याचा तिसरा हिस्सा खर्चात टाकणारे मी पाहिले आहेत. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं की जागा व्यवसायासाठी घेतली आहे.

याच कारणाने घरमालक "बरं, मग महिन्याला हजार जास्त दे" म्हणाला तर सावध व्हा. भाडं वाढवायचं असेल तर नूतनीकरणाच्या वेळी भाडं म्हणून वाढवा. व्यवसायाच्या परवानगीचा मोबदला असं काही कागदावर आलं, तर तेवढा भाग राहत्या घराचं भाडं राहत नाही, आणि घरमालकाचं कलम २४ चं संरक्षणही तोच कागद पातळ करतो. दोघांच्या हिताचा शब्द एकच: विनामोबदला.

काय करणार आणि काय नाही, हे एका पानावर

काकांना आम्ही आधी पत्र दिलं नाही, एक पान दिलं. काम ती एकटी करणार, कामगार ठेवणार नाही. गिऱ्हाईक घरी येणार नाही. कापडाचे तागे एका कपाटात मावतील एवढेच. कुरिअरवाला आठवड्यातून तीनदा येईल आणि पार्सलं खाली गेटवर दिली जातील. इमारतीबाहेर पाटी लागणार नाही. शेवटी विजेचा वरचा हिशेब.

यातली प्रत्येक ओळ नियमाशी जुळवून लिहिली होती. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी इमारतीत घरगुती उद्योगाला जागा आहे, आणि शिवणकाम-भरतकाम त्यात बसतं. पण पगारी माणसं नकोत, बाहेरून व्यवसाय दिसेल अशी पाटी नको, तिथेच बनवलेल्या वस्तूच विकायच्या, आणि मोटरचा वापर असेल तर भार पाऊण किलोवॉटच्या आत. म्हणजे घाऊक बाजारातून तयार कुर्ते आणून घरातून पाठवणाऱ्याला ही चौकट सैल बसते. त्याने माल दुसरीकडे ठेवायचा विचार करावा. खाण्याचे पदार्थ असतील तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी वेगळी लागते.

बोलायची पद्धतही महत्त्वाची आहे. व्हॉट्सअॅपवर "काका, जीएसटीसाठी एनओसी हवी होती" असा निरोप टाकून मोकळं होऊ नका. तो वाचून माणूस आधी ओळखीच्या वकिलाला फोन करतो. बहिणीने पहिल्यांदा फोनवर एवढंच सांगितलं, "काका, माझं शिवणकाम तुम्हाला माहीत आहे. आता परगावी पाठवायचं तर सरकारी नोंदणी लागते. त्यावर आपल्या घराचा पत्ता येईल. तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. रविवारी येऊन कागद दाखवू का?" त्यावर लेखाच्या सुरुवातीचं वाक्य आलं. तरी रविवारी आम्ही गेलो, पान दिलं आणि सही मागितली नाही. "वाचून ठेवा, मुलाला दाखवा, काय खटकतं ते सांगा," एवढंच म्हणालो. आठवड्याने काकूंचा फोन आला. त्यांना एकच गोष्ट खटकत होती: घर सोडल्यावर पत्ता बदलला नाही तर? त्याचं उत्तर पत्रात घातलं.

पत्राचा मजकूर

साध्या कागदावर चालतं. मसुदा तुम्हीच करून न्या, घरमालकाला लिहायला लावू नका. आमचा असा होता:

> ना हरकत पत्र
>
> दिनांक: ____
>
> आम्ही खाली सही करणारे (दोन्ही मालकांची नावे) सदनिका क्र. ____, (पूर्ण पत्ता, पिनकोडसह) या सदनिकेचे मालक आहोत. ही सदनिका आम्ही श्रीमती ____ यांना दि. ____ रोजी नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराने (दस्त क्र. ____) निवासासाठी दिली असून कराराची मुदत दि. ____ पर्यंत आहे.
>
> १. श्रीमती ____ या "____" या नावाने घरगुती शिवणकामाचा एकल मालकीचा व्यवसाय करतात. या व्यवसायाच्या जीएसटी, उद्यम व दुकाने-आस्थापना नोंदणीसाठी वरील पत्ता वापरण्यास आमची हरकत नाही.
>
> २. ही संमती विनामोबदला आहे. लायसन्स निवासासाठीचेच आहे व राहील. या पत्राने जागेत कोणताही नवा हक्क, कुळहक्क वा ताबा निर्माण होत नाही आणि कराराच्या इतर अटी जशाच्या तशा लागू राहतील.
>
> ३. जागेत कामगार ठेवले जाणार नाहीत, ग्राहक बोलावले जाणार नाहीत व इमारतीच्या बाहेरून दिसेल अशी पाटी लावली जाणार नाही.
>
> ४. व्यवसायाचे सर्व कर व देणी श्रीमती ____ यांची राहतील. वीजदर वा मिळकतकर व्यवसायामुळे वाढल्यास फरक त्या भरतील.
>
> ५. ही संमती कराराच्या मुदतीपुरती आहे. जागा सोडल्यापासून १५ दिवसांत त्या सर्व नोंदण्यांवरील पत्ता बदलण्यासाठी किंवा नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज करतील व अर्जाची पोच आम्हाला देतील.
>
> सह्या: दोन्ही मालक / मान्य: श्रीमती ____ / दोन साक्षीदार

शेवटी भाडेकरूची "मान्य" म्हणून सही असणं फार गरजेचं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कलमात तुम्ही दिलेलं वचन आहे. तुमची सही नसेल तर घरमालकाच्या हातात फक्त त्याची स्वतःची संमती उरते. दोन मूळ प्रती करा, एक त्यांच्याकडे ठेवा. कराराच्या मुदतीत मध्येच संमती मागे घेता येईल असं कलम घरमालकाने सुचवलं, तर निदान ६० दिवसांची पूर्वसूचना त्यात घालून घ्या. नाहीतर दिवाळीच्या हंगामात पत्ता बदलायची वेळ यायची.

जीएसटीचा अर्ज केंद्राच्या अधिकाऱ्याकडे जाईल की राज्याच्या, हे आपल्या हातात नसतं. म्हणून याच मजकुराची इंग्रजी प्रतही सही करून ठेवली.

सोसायटीचं काय? कराराची प्रत सोसायटीकडे असतेच. सभासद घरमालक असतो, त्यामुळे पत्रही त्यानेच द्यावं: "माझ्या सदनिकेत निवासी वापरच चालू आहे, भाडेकरूच्या घरगुती व्यवसायाची पत्त्यापुरती नोंदणी होत आहे," एवढं पुरतं. आम्ही मसुदा दिला, काकांनी तो सचिवांना दिला आणि पोच घेतली. आधी कळवलं की कुरिअरवाल्यावरून होणारे वाद सुरू व्हायच्या आतच संपतात.

पोर्टलवर

जागेच्या ताब्याचा प्रकार विचारला जातो तिथे `Rented` निवडा, `Consent` नव्हे. संमतीपत्र असलं तरी तुमचा ताबा भाडेकराराने आहे. जोडायला नोंदणीकृत करार आणि घरमालकाच्या मालकीचा एक कागद: अलीकडचं वीजबिल किंवा मिळकतकराची पावती. कराराच्याच फाइलमध्ये शेवटी संमतीपत्र घाला, म्हणजे "फक्त निवासासाठी" हे कलम वाचून अधिकारी थबकला तर उत्तर पुढच्याच पानावर मिळतं. कराराची पानं बरीच असतात आणि फाइलच्या आकाराला मर्यादा असते, म्हणून काळ्या-पांढऱ्यात, कमी रिझोल्यूशनला स्कॅन करा, पण दस्त क्रमांक वाचता येतोय ना ते बघा.

पत्ता करारात, बिलात आणि अर्जात अक्षरशः एक हवा. बहिणीच्या वीजबिलावर "बी-७" होतं आणि करारावर "फ्लॅट नं. ७, बी विंग". एवढ्यावरून `REG-03` म्हणजे खुलाशाची नोटीस आली. तिला सात कामकाजाच्या दिवसांत `REG-04` मध्ये उत्तर द्यावं लागतं. आम्ही दोन ओळी लिहिल्या की दोन्ही वर्णनं एकाच सदनिकेची आहेत, आणि सोबत मिळकतकराची पावती जोडली, कारण तिच्यावर दोन्ही खुणा होत्या. पाच दिवसांत प्रमाणपत्र आलं.

कधी खुलाशात घरमालकाचं पॅन, आधार किंवा घराचे फोटो मागितले जातात. करार नोंदणीकृत असेल तर ते द्यावे लागत नाहीत. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत हे अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितलं आहे. अमुक काम या जागेतून होईल असं वाटत नाही, अशा तर्काच्या शंका काढू नयेत असंही त्यात आहे. उत्तरात या सूचनेचा, क्रमांक ०३/२०२५, नम्रपणे उल्लेख करा. करार नोंदवलेला नसेल तर मात्र घरमालकाचा ओळखपुरावा लागतो. महाराष्ट्रात करार नोंदवणं घरमालकावर बंधनकारकच आहे, तेव्हा न नोंदवलेल्या करारावर संमती मागायच्या आधी तो नोंदवून घ्या.

आधार पडताळणी झाली असेल तर साधारण सात कामकाजाच्या दिवसांत निर्णय होतो. ती नसेल किंवा अर्ज तपासणीसाठी निवडला गेला, तर अधिकारी घरी येऊन फोटो घेऊ शकतो. हे घरमालकाला आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा. "कोणी साहेब आले होते, तुमच्या भाडेकरूची चौकशी करत होते," असा वॉचमनचा फोन घरमालकाला पहिल्यांदा जाऊ नये.

पाटीचा पेच

नोंदणी झाल्यावर एक गोष्ट उरते आणि तिच्यावरून सोसायटीत खटके उडतात. जीएसटी नियम १८ प्रमाणे प्रमाणपत्र व्यवसायाच्या जागी दिसेल असं लावायचं आणि प्रवेशाशी असलेल्या नावाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहायचा. इकडे आपण लिहून दिलंय की बाहेरून पाटी दिसणार नाही. दोन्ही पाळता येतं. पोस्टकार्डाएवढी पट्टी, नाव आणि क्रमांक असलेली, फ्लॅटच्याच दारावर लावायची. इमारतीच्या बाहेरून, गेटवरून किंवा बाल्कनीतून ती दिसत नाही. प्रमाणपत्र आतल्या खोलीत मशीनच्या वरच्या भिंतीवर. काकूंना दारावरच्या पट्टीचा फोटो आधी पाठवला होता. त्यांनी फक्त "खिळा मारू नकोस, चिकटपट्टी लाव," असं सांगितलं.

तरीही नाही म्हणाले तर

नाही म्हणजे नाही. त्या पत्त्यावर नोंदणी करू नका. एक वाट म्हणजे आई-वडिलांचं घर, ते महाराष्ट्रातच असेल तर. वडिलांचं संमतीपत्र, त्यांचा ओळखपुरावा आणि त्यांच्या नावाचं वीजबिल पुरतं. पण तिथे खरोखर काम चालत असेल तरच. नोंदणी साताऱ्याला आणि माल, मशीन, पार्सलं सगळी पुण्याला, असं तपासणीत निघालं तर नोंदणी रद्द होऊ शकते. दुसरी वाट म्हणजे एखादा लहान गाळा किंवा सामायिक कार्यालयातली जागा, जिथे माल प्रत्यक्ष ठेवता येतो. आणि तोवर विक्री राज्यापुरती ठेवली, तर बहुतेकांना नोंदणीविनाही हंगाम काढता येतो.

घर सोडताना

घर सोडायची नोटीस दिली त्याच दिवशी ही यादी काढा. जीएसटीमधला मुख्य पत्ता `REG-14` अर्जाने बदलतो. बदल झाल्यापासून १५ दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि त्याला पुन्हा नव्या घरमालकाचे कागद लागतात. म्हणून नव्या घराचा करार करतानाच हे पत्र मागा, राहायला गेल्यावर नाही. व्यवसाय बंद करत असाल तर `REG-16`. उद्यममधला पत्ता ऑनलाइन बदलता येतो. गुमास्त्यात बदल कळवा, बँकेला आणि ऑनलाइन बाजारातल्या पार्सल उचलायच्या पत्त्यालाही.

काकूंनी पत्रात एक ओळ स्वतःच्या हाताने वाढवली आहे: अनामतीतले पाच हजार रुपये पत्ता बदलल्याचं प्रमाणपत्र दाखवल्यावर परत मिळतील. बहिणीने त्याखाली लगेच सही केली. एवढ्या एका ओळीने काकूंचा सगळा घोर मिटणार असेल, तर ती ओळ मसुद्यातच असायला हवी होती. आता मी ज्यांना मसुदा देते, त्यात ती आधीपासून असते.